विधान–कारण प्रश्न: दोन्ही वाक्ये बरोबर, तरी उत्तर चुकते तेव्हा

राज्यशास्त्राच्या पेपरात ही तक्रार नेहमी ऐकू येते: "विधानही माहीत होतं, कारणही माहीत होतं, तरी मार्क गेला." नेट-सेटचा पेपर असो, एमपीएससीची पूर्व परीक्षा असो की बारावीची, चूक होण्याची जागा तीच. पर्याय १ आणि पर्याय २ यांची अदलाबदल होते.

आधी चौकट लक्षात घेऊ. एक विधान असते आणि त्याखाली एक कारण. पर्याय १: दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे. पर्याय २: दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण नाही. पर्याय ३: विधान बरोबर, कारण चूक. पर्याय ४: विधान चूक, कारण बरोबर. काही पेपरांत हा क्रम बदलतो, कधी "दोन्ही चूक" असाही पर्याय असतो. त्यामुळे पर्याय दर वेळी वाचायचेच.

आधी दुखणे नेमके कुठे आहे ते बघा

जुन्या सराव पेपरांतले चुकलेले विधान–कारण प्रश्न बाजूला काढा आणि प्रत्येकासमोर दोन आकडे लिहा: तुम्ही दिलेला पर्याय आणि खरा पर्याय. उत्तर ३ किंवा ४ होते आणि तुम्ही १ किंवा २ लिहिले असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न आहे. एखादे कलम, वर्ष किंवा तरतूद कच्ची राहिली आहे, आणि त्यावर वाचणे हाच इलाज. पण बहुतेक चुका "मी १ लिहिला, उत्तर २" किंवा "मी २ लिहिला, उत्तर १" अशा असतील, तर कितीही वाचले तरी त्या थांबणार नाहीत. कारण तिथे माहितीची नव्हे, दोन वाक्यांमधल्या नात्याची परीक्षा चालू असते. पुढचे सगळे या दुसऱ्या गटासाठी आहे.

या गटात फसायला होते ते प्रश्न तयार होण्याच्या पद्धतीमुळे. पर्याय २ चे प्रश्न बनवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुस्तकातल्या एकाच परिच्छेदातली दोन खरी वाक्ये उचलून एकाखाली एक ठेवणे. तुम्ही ती एकत्र वाचलेली असतात, एकत्र पाठ केलेली असतात, त्यामुळे ती एकमेकांची वाटतात. ओळखीचा हा भास हेच मूळ कारण आहे.

आणखी एक सवय त्यात भर घालते. बरेच जण दोन वाक्यांच्या मध्ये "कारण" हा शब्द घालून मनात वाचतात आणि वाक्य नीट लागले की पर्याय १ ठोकतात. ही कसोटी कामाची नाही. "राज्यसभेला धन विधेयक फेटाळता येत नाही, कारण ते फक्त लोकसभेतच मांडता येते." हे वाक्य कानाला अगदी बिनचूक लागते. पण उत्तर पर्याय २ आहे. का, ते सविस्तर पाहू, कारण सगळी मेख इथेच कळते.

धन विधेयकाचा प्रश्न सोडवून

विधान: राज्यसभेला धन विधेयक फेटाळता येत नाही.
कारण: धन विधेयक फक्त लोकसभेतच मांडता येते.

पहिली पायरी, कारण हाताने झाका. फक्त विधान वाचा आणि खरे-खोटे ठरवा. कलम १०९ प्रमाणे लोकसभेने संमत केलेले धन विधेयक राज्यसभेकडे जाते, राज्यसभेने ते १४ दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींशिवाय परत पाठवायचे असते, आणि त्या शिफारशी स्वीकारणे-नाकारणे लोकसभेच्या हाती असते. १४ दिवसांत परत आले नाही तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. म्हणजे फेटाळण्याचा अधिकार नाही. विधान बरोबर.

दुसरी पायरी, आता विधान झाका. धन विधेयक राज्यसभेत मांडता येत नाही, हे त्याच कलम १०९ च्या पहिल्याच उपकलमात आहे. कारणही बरोबर. पर्याय ३ आणि ४ बाद झाले.

तिसऱ्या पायरीला दोन्ही झाका. स्वतःला विचारा: राज्यसभेला हा अधिकार का दिला नाही? उत्तर एका ओळीत, स्वतःच्या शब्दांत, मनात तयार करा. ते साधारण असे येईल: सरकारी खर्चावर आणि करांवर अंतिम ताबा जनतेने थेट निवडलेल्या सभागृहाचा असावा, म्हणून. मग छापलेले कारण उघडा आणि तुमच्या उत्तराशी ताडून बघा. तुमचे उत्तर "थेट निवडलेले सभागृह" म्हणते, छापलेले कारण "कुठे मांडायचे" हे सांगते. जुळत नाही.

तरी शंका उरतेच. "लोकसभेतच मांडायचे असते म्हणूनच तर राज्यसभेला हात लावता येत नाही ना?" इथे चौथी पायरी कामाला येते: कारण खरे आहे पण विधान खोटे आहे, अशी एखादी जागा शोधा. ती संविधानातच आहे. कलम ११७ च्या पहिल्या उपकलमातली वित्तीय विधेयके. या विधेयकांत कर वगैरे धन विधेयकाचे विषय असतात, पण त्याबरोबर इतर विषयही असतात. तीसुद्धा राज्यसभेत मांडता येत नाहीत. पण मांडल्यानंतर त्यांचा प्रवास साध्या विधेयकासारखा होतो. राज्यसभा त्यात दुरुस्ती करू शकते, ते फेटाळूही शकते, आणि मतभेद झाला तर संयुक्त बैठकीची वाट मोकळी असते.

म्हणजे "फक्त लोकसभेत मांडता येते" ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, तरी एका ठिकाणी राज्यसभेचा अधिकार शाबूत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. जी गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, ती दोघांमधल्या फरकाचे कारण असू शकत नाही. मांडण्याची अट आणि फेटाळण्याची मनाई या दोन्ही गोष्टी लोकसभेच्या वरचष्म्यातून निघालेल्या आहेत. त्या एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत, एक दुसरीला जन्म देत नाही. पर्याय २.

एखाद्या गाईडमध्ये या प्रश्नाचे उत्तर पर्याय १ छापलेले दिसले, तर हे कलम ११७ पुढे ठेवून स्वतःच ठरवा.

गोव्याची विधान परिषद: आकडा दिसला की सावध

आता त्याच पायऱ्या थोड्या वेगाने.

विधान: गोव्यात विधान परिषद नाही.
कारण: गोवा विधानसभेत ४० जागा आहेत.

दोन्ही खरे. आणि हा प्रश्न हुशार विद्यार्थ्याला जास्त फसवतो. कारण त्याला कलम १७१ आठवते: परिषदेची सदस्यसंख्या विधानसभेच्या एक तृतीयांशाहून जास्त नको आणि ४० पेक्षा कमीही नको. तो लगेच हिशेब करतो, ४० चे एक तृतीयांश जेमतेम १३, म्हणजे परिषद शक्यच नाही, पर्याय १. ज्याला कलम १७१ आठवत नाही तो सुखरूप सुटतो, हा या प्रश्नाचा खट्याळपणा.

हिशेबात घोळ असा की ४० ची किमान मर्यादा ही एक तृतीयांशाच्या नियमाला जोडलेले परंतुक आहे, म्हणजे ती त्या नियमावर मात करते. तेलंगणाकडे बघा. तिथल्या विधानसभेत ११९ जागा आहेत. त्यांचे एक तृतीयांश ४० ला किंचित कमी पडतात, तरी तिथे ४० जणांची विधान परिषद आहे. उलट गुजरातच्या विधानसभेत १८२ जागा असूनही परिषद नाही. मध्य प्रदेशात २३० जागा, तिथेही नाही. आंध्र प्रदेशाने तर १९८५ मध्ये परिषद बरखास्त केली आणि २००७ मध्ये ती पुन्हा आणली.

परिषद असणे-नसणे ठरते ते कलम १६९ मुळे. राज्याच्या विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि मग संसदेने कायदा करायचा. महाराष्ट्राने परिषद ठेवली आहे, गोव्यात हा मार्ग कधी पुरा झालेला नाही. जागांची संख्या हे त्यामागचे स्पष्टीकरण नव्हे. पर्याय २.

उलटे लागलेले कारण

काही प्रश्नांत नाते असते, पण उलट दिशेचे. विधान: ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. कारण: मालमत्तेच्या हक्काला आता कलम ३००-अ खाली संरक्षण आहे.

दोन्ही खरे, एकमेकांना घट्ट चिकटलेलेही. पण ३००-अ हे त्याच दुरुस्तीने घातलेले कलम आहे. ते हक्क काढल्याचा परिणाम आहे, काढण्यामागचा हेतू नव्हे. हेतू विचारला तर उत्तर जमीन सुधारणा कायदे आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क यांच्यातल्या जुन्या झगड्याकडे जाते, जो पहिल्या घटनादुरुस्तीपासून न्यायालये आणि संसद यांच्यात चालू होता. इथे एक सोपी तपासणी पुरते: दोन्हींपैकी आधी काय झाले? कारण म्हणून दिलेली गोष्ट विधानाच्या नंतरची किंवा त्यातूनच निघालेली असेल, तर पर्याय १ नाही.

ही कसोटी कुठे दगा देते

आता कठीण भाग. "कारण खरे पण विधान खोटे अशी जागा शोधा" ही कसोटी इतकी धारदार आहे की ती हाती आली की माणूस तिने खरी उत्तरेही कापू लागतो. आधी सगळीकडे पर्याय १ लिहिणारा मग सगळीकडे पर्याय २ लिहू लागतो. हे दुसरे दुखणे पहिल्याइतकेच महाग पडते.

हा प्रश्न घ्या.

विधान: भारताच्या राष्ट्रपतींची निवड जनता थेट मतदानाने करत नाही.
कारण: संसदीय पद्धतीत राष्ट्रपती नामधारी प्रमुख असतात, थेट निवडून आलेले राष्ट्रपती मंत्रिमंडळाला समांतर सत्ताकेंद्र ठरू शकतात.

उत्तर पर्याय १ आहे. पण नुकती शिकलेली कसोटी लावा: राष्ट्राध्यक्ष नामधारी आहे, तरी थेट निवडला जातो, असा देश आहे का? आहे. आयर्लंड. तिथे संसदीय पद्धती आहे, राष्ट्राध्यक्षाकडे कार्यकारी सत्ता नाही, आणि लोक त्याला थेट निवडतात. मग कारण फेल?

नाही. कारण हे विधान एका निर्णयाबद्दल आहे. भारताच्या संविधानकर्त्यांनी अशी पद्धत निवडली, ती का, हा प्रश्न आहे. निर्णयाचे स्पष्टीकरण म्हणजे निर्णय घेणाऱ्यांनी दिलेले कारण. जुलै १९४७ मध्ये संविधान सभेत हा विषय आला तेव्हा नेहरूंचा युक्तिवाद हाच होता: खरी सत्ता मंत्रिमंडळ आणि विधिमंडळात ठेवायची आणि राष्ट्रपतींना मात्र प्रौढ मतदानाने निवडून आणायचे, हे विसंगत होईल. शिवाय एवढ्या मोठ्या मतदारसंख्येची निवडणूक घेण्याचा पसाराही होताच. आयरिश लोकांनी याच परिस्थितीत दुसरा निर्णय घेतला, याने भारतीय निर्णयाचे कारण खोटे ठरत नाही.

म्हणून कसोटी लावण्याआधी विधान कोणत्या जातीचे आहे ते ओळखायला हवे. माझ्या मते अर्धी अदलाबदल इथेच थांबते.

विधान एखाद्या तरतुदीमागच्या निर्णयाबद्दल असेल, तर कारणात ठरवणाऱ्यांचा हेतू किंवा युक्तिवाद हवा. उलट उदाहरण शोधायचे असेल तर त्याच संविधानात शोधा, परदेशात नको. धन विधेयकाला कलम ११७ चे उदाहरण चालले, कारण दोन्ही तरतुदी त्याच लोकांनी, त्याच हेतूने लिहिल्या होत्या. आयर्लंडचे इथे चालत नाही.

विधान राजकारणात घडलेल्या गोष्टीबद्दल असेल, तर उलट उदाहरण काळात शोधायचे. विधान: १९८९ ते २०१४ या काळात केंद्रात आघाडी किंवा अल्पमताची सरकारे आली. कारण: भारतात बहुपक्ष पद्धती आहे. दोन्ही खरे. पण बहुपक्ष पद्धती १९५२ पासून आहे, आणि १९८४ मध्ये याच पद्धतीत काँग्रेसने ४०० च्या वर जागा जिंकल्या. २०१४ मध्ये अनेक पक्ष रिंगणात असतानाच भाजपला एकट्याला बहुमत मिळाले. जी गोष्ट आधीही होती आणि नंतरही आहे, ती मधल्या पंचवीस वर्षांचे वेगळेपण समजावू शकत नाही. या काळातल्या सातही लोकसभा निवडणुकांत कोणत्याही एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले नाही, काँग्रेसचे वर्चस्व ओसरले आणि प्रादेशिक पक्ष वाढले. यातले काही कारणात असते तर पर्याय १ झाला असता. आहे ते पर्याय २.

तिसरी जात म्हणजे वर्गीकरणाचे विधान: अमुक हे तमुक प्रकारचे आहे. "राज्यसभा हे स्थायी सभागृह आहे", "भारताच्या राष्ट्रपतींची निवडणूक अप्रत्यक्ष आहे". इथे "का?" चा अर्थ "असे ठरवले का" असा नसतो, "असे म्हणायचे कशावरून" असा असतो. त्यामुळे इथे कारणात वर्गीकरणाचा आधार दिलेला असला तरी पुरतो. "अप्रत्यक्ष" या विधानाखाली "संसद आणि विधानसभांच्या निवडून आलेल्या सदस्यांचे निर्वाचन मंडळ त्यांना निवडते" असे कारण आले तर पर्याय १ घ्या. पण तेच कारण "संविधानकर्त्यांनी थेट निवडणूक नाकारली" या विधानाखाली आले तर पर्याय २. तिथे ते फक्त निवडीची रीत सांगते, थेट निवडणूक नाकारण्यामागचा विचार सांगत नाही.

एकच विधान, वेगवेगळी कारणे

हे हातात बसवायला एक सराव चांगला. विधान तेच ठेवायचे आणि खालचे कारण बदलत राहायचे. राष्ट्रपतींचेच विधान घेऊ: "संविधानकर्त्यांनी राष्ट्रपतींची थेट निवडणूक नाकारली."

खाली लिहा: "ही निवडणूक एकल संक्रमणीय मताने, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने होते." कलम ५५ प्रमाणे खरे. पण मते कशी मोजायची याबद्दलचे आहे. पर्याय २.

मग लिहा: "महाराष्ट्रातल्या विधानसभा सदस्याच्या मताचे मूल्य १७५ आहे." १९७१ च्या जनगणनेवरून काढलेले, खरेच. पुन्हा पर्याय २, आणि इथे तर नाते इतके दूरचे आहे की कोणी फसू नये. पण आकडा बघून फसतात.

मग: "विधान परिषदेचे सदस्यही या निवडणुकीत मतदान करतात." चूक. कलम ५४ मध्ये विधानसभेचे निवडून आलेले सदस्य आहेत, परिषदेचे नाहीत. पर्याय ३. मुंबईत विधान भवनात मतदान होते म्हणून परिषदेचे आमदारही मत देतात असा समज बऱ्याच जणांचा असतो.

शेवटी सत्तेच्या समांतर केंद्राचे कारण लिहा, आणि पर्याय १ कसा दिसतो ते आधीच्या तिघांशेजारी ठेवून बघा. फरक डोळ्यांना दिसू लागतो: बाकीची कारणे राष्ट्रपतींच्या निवडणुकीबद्दल बोलतात, हे एकटे विधानातल्या "नाकारली" या क्रियेबद्दल बोलते. कारणाचा नेम विधानातल्या क्रियापदावर हवा. दोन्ही वाक्यांत नुसता कर्ता सारखा असणे पुरेसे नाही.

कारण पुरे नसले तर?

"हे एकच कारण नाही, अजूनही आहेत, मग पर्याय १ कसा?" हा प्रश्न वाजवी आहे. राज्यसभेचे उदाहरण घ्या. विधान: राज्यसभा हे स्थायी सभागृह आहे. कारण: तिचे सुमारे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात.

कलम ८३ म्हणते की राज्यसभा विसर्जित होत नाही, आणि त्याच वाक्यात पुढे सदस्यांच्या निवृत्तीची व्यवस्था सांगते. काटेकोर वाचक म्हणेल की स्थायीपणा विसर्जन न होण्यात आहे, निवृत्तीचा क्रम वेगळा. मी इथे पर्याय १ च्या बाजूने आहे. समजा सगळे सदस्य एकाच दिवशी निवृत्त झाले असते. विसर्जन नसूनही त्या दिवशी सभागृह रिकामे पडले असते, "स्थायी" हा शब्द कागदावरच राहिला असता. टप्प्याटप्प्याची निवृत्ती काढून टाकली तर विधान डगमगते. धन विधेयकात "लोकसभेतच मांडणे" काढले तर विधान तसेच उभे राहते. राज्यसभेने एखादे विधेयक स्वतःकडे मांडून घेतले असते, तरी ते फेटाळण्याचा हक्क वेगळा नाकारता आला असताच.

तेव्हा कारण एकमेव असण्याची गरज नाही. ते काढल्यावर विधानाला धक्का बसला पाहिजे, एवढेच बघायचे.

अभ्यास करताना एक बदल

या प्रश्नांची तयारी परीक्षेच्या खोलीत होत नाही. पुस्तक वाचताना प्रत्येक तरतुदीशेजारी समासात एक ओळ लिहा: ही का? कारण पुस्तकात दिलेले असेल तर तेच उतरवा, नसेल तर जागा रिकामी सोडा आणि वर्गात विचारा. ज्या तरतुदीशेजारी ही ओळ आहे, तिथे तिसऱ्या पायरीचे उत्तर तयारच असते. ज्या तरतुदीशेजारी नाही, तिथे तुम्ही परीक्षेत छापलेले कारण वाचून त्यालाच "का" चे उत्तर समजता. वेळेचे म्हणाल तर सवय झाल्यावर चारही पायऱ्या मिनिटाभरात उरकतात. चौथी पायरी तर प्रत्येक प्रश्नाला लागतही नाही.

तीन प्रश्न करून बघा

विधान: ९१ व्या घटनादुरुस्तीने (२००३) दहाव्या अनुसूचीतील, एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण देणारा परिच्छेद वगळला. कारण: दहाव्या अनुसूचीत दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाला संरक्षण आहे.

दोन्ही खरे. पण फुटीची सवलत काढली ती घाऊक पक्षांतरासाठी तिचा वापर होऊ लागला म्हणून. विलीनीकरणाची तरतूद शेजारच्या परिच्छेदात आधीपासून होती आणि नंतरही राहिली. पर्याय २.

विधान: ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मधील "अंतर्गत अशांतता" या शब्दांऐवजी "सशस्त्र बंड" हे शब्द घातले. कारण: जून १९७५ मध्ये "अंतर्गत अशांतता" या मोघम आधारावर आणीबाणी जाहीर झाली होती.

विधान निर्णयाबद्दलचे आहे, कारण त्या निर्णयाच्या आधी घडलेले आहे आणि नेमके बदललेल्या शब्दांवर बोट ठेवते. पर्याय १.

विधान: मालमत्तेचा हक्क आता घटनात्मक हक्क राहिलेला नाही. कारण: ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३१ वगळले.

इथे घाई करणारा थेट पर्याय १ लिहितो, आणि पर्याय २ कडे झुकलेला हेतू आणि परिणाम यांचा विचार करत बसतो. दोघांचीही पहिली पायरी राहून गेलेली असते. कलम ३००-अ संविधानातच आहे. मालमत्तेचा हक्क मूलभूत नाही, पण घटनात्मक आहे. विधान चूक, कारण बरोबर, म्हणून पर्याय ४, आणि स्पष्टीकरणाचा प्रश्नच येत नाही.